‘रजा हा हक्क नाही’ याच्या पुढचं वाक्य

*“मी पुण्यात एका मालवाहतूक कंपनीच्या लेखा विभागात नऊ वर्षं काम करते. ऑफिसात साठेक माणसं आहेत. यंदा सासरच्या घरच्या गणपतीची पाळी आमच्याकडे आहे, ती चार वर्षांनी येते. जूनमध्ये आठ दिवसांची रजा टाकली, साहेबांनी पोर्टलवर मंजूर केली, मग पनवेलहून कुडाळची चौघांची तिकिटं काढली. परवा नव्याने आलेल्या वित्तप्रमुखांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं की ऑडिटमुळे सप्टेंबरमधल्या सगळ्यांच्या रजा रद्द. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ‘रजा हा हक्क नसतो, सवलत असते.’ निघायला बारा दिवस राहिलेत. मंजूर केलेली रजा अशी रद्द करता येते का? तरीही गेले तर नोकरी जाईल का? मैत्रीण म्हणते, आजारपणाचं सर्टिफिकेट दे आणि जा. आणि समजा गेले, तर तिथून मध्येच परत बोलावू शकतात का?”*
*एक वाचक, पुणे*

ताई, तुमच्या एचआरच्या मॅडमनी ऐकवलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. तेवीस वर्षं मी कार्मिक विभागात काढली आणि हे वाक्य मी स्वतःही कितीतरी लोकांना ऐकवलं आहे. ते कुठून आलं, याचा शोध मात्र मी फार उशिरा घेतला.

ते सरकारी पुस्तकातलं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यातला दहावा नियम आणि केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांतला सातवा नियम साधारण एकच गोष्ट सांगतात: रजा हक्क म्हणून मागता येत नाही. पण नियम तिथे संपत नाही. पुढे म्हटलं आहे की लोकसेवेची निकड असेल तर रजा नाकारता किंवा रद्द करता येईल, आणि ते करायचं ज्याला रजा मंजूर करायचा अधिकार आहे त्याने. शिवाय तुम्ही अर्जित रजा मागितली असेल तर तुमच्या लेखी विनंतीशिवाय ती बदलून दुसऱ्या प्रकारची करायचा अधिकार त्या अधिकाऱ्यालाही नाही. आणि रजेवर गेलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावलं, तर केंद्राच्या नियमांनुसार तो परतीला निघाला त्या दिवसापासून कामावर धरला जातो आणि त्या प्रवासाचा भत्ता त्याला मिळतो.

म्हणजे जिथून हे वाक्य उचललं, तिथे त्याच्यामागे कारण लागतं, योग्य माणसाची सही लागते आणि खर्चाची जबाबदारीही येते. खाजगी कंपन्यांनी पहिलं वाक्य घेतलं आणि बाकीचं पुस्तकातच ठेवलं. मुळात तुम्ही सरकारी नोकर नाही, त्यामुळे तो नियम तुम्हाला लागूच नाही. तुम्हाला लागू आहे तो महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. साठ माणसांच्या ऑफिसला त्यातला रजेचा भाग लागतो, आणि त्यात रजेला सवलत म्हटलेलं नाही. वर्षात आठ दिवस किरकोळ रजा, वर्षभरात २४० दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, आणि अशी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवायची मुभा, हे सगळं त्या कायद्याने दिलेलं आहे. मॅडमनी ते दिलेलं नाही आणि त्यांना ते काढूनही घेता येणार नाही.

आता तुमच्याही मनात एक समजूत आहे, तिच्याबद्दल बोलायला हवं. मंजूर झाली म्हणजे दगडावरची रेघ, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. मंजूर रजा कधीच रद्द करता येणार नाही, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. रद्द करता येईल असंही तो म्हणत नाही. या मुद्द्यावर तो गप्प आहे. मग बघायचं ते तुमचं नेमणूकपत्र आणि कंपनीचं रजा धोरण. बहुतेक धोरणांत ‘कामाच्या गरजेनुसार मंजूर रजा रद्द वा स्थगित करण्याचा अधिकार व्यवस्थापनाला राहील’ अशा अर्थाची एखादी ओळ असते. तुमच्याकडे ती आहे का, हे आजच काढून बघा. असली तर कंपनीची बाजू भक्कम होते, पण तीही अमर्याद होत नाही. कामाच्या ठिकाणचा कुठलाही आदेश मोडला म्हणून शिक्षा करायची, तर तो आदेश कायदेशीर आणि वाजवी असावा लागतो. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाची जी यादी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात पहिलंच कलम वरिष्ठांचा आदेश मोडण्याचं आहे आणि त्यात ‘कायदेशीर व वाजवी’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. त्याच स्थायी आदेशांत असंही होतं की रजा नाकारायची किंवा पुढे ढकलायची तर कारण नोंदवहीत लिहायचं आणि कामगाराने मागितलं तर त्याची प्रत द्यायची. तुमच्या ऑफिसला ते स्थायी आदेश लागू नाहीत, पण वाजवीपणा मोजायला ती पट्टी चांगली आहे.

हे मी शिकलो ते एका माणसामुळे. मी तेव्हा एका कारखान्यात होतो. लेथवरचा एक कामगार होता, शांत गडी. त्याने बहिणीच्या लग्नासाठी सहा दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. आदल्या आठवड्यात निर्यातीची एक ऑर्डर अडली आणि मी रजेच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे लाल शाईने ‘रद्द’ लिहिलं. दुपारी तो आला. काही बोलला नाही. लग्नपत्रिका टेबलावर ठेवली. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं, आणि आत निमंत्रकांत त्याचंच नाव पहिलं, कारण वडील नव्हते. मग त्याने एकच प्रश्न विचारला: “साहेब, माझ्या मशीनवर दुसरा कोण बसू शकतो, हे तुम्ही कुणाला विचारलंत का?” मी विचारलं नव्हतं. त्या पाळीत तेच काम येणारे दोघे जण होते. मी लाल शाई खोडली. रद्द करायचा अधिकार मला होता. तो वापरण्याआधी चार पावलं चालून शॉप फ्लोअरवर जाऊन यायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

तुमच्या बाबतीतही तेच तीन प्रश्न आहेत: कुणी रद्द केली, कशासाठी, आणि कशा पद्धतीने.

कुणी, हे आधी तपासा. रजा तुमच्या साहेबांनी पोर्टलवर मंजूर केली. आता पोर्टल उघडून बघा, तिथे स्थिती अजूनही ‘मंजूर’ अशीच दिसते का? दिसत असेल तर तारखेसह त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. वित्तप्रमुख तुमच्या साहेबांच्या वरचे असतील तर त्यांना अधिकार असूही शकतो. पण ग्रुपवर टाकलेला ‘सगळ्यांच्या रजा रद्द’ हा निरोप म्हणजे तुमच्या अर्जावरचा निर्णय झाला, असं मी मानणार नाही. कंपनीने रजा मागायला आणि द्यायला जी पद्धत ठेवली आहे, तीच परत घ्यायलाही वापरायला हवी.

कशासाठी, हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. करलेखापरीक्षणाची ३० सप्टेंबर ही तारीख लेखा विभागाला कॅलेंडर न बघताही माहीत असते, ती दरवर्षीची आहे. जूनमध्ये तुमची रजा मंजूर करताना ती साहेबांच्या डोळ्यांपुढे होतीच. गणपतीत पोलिसांच्या रजा बंद होतात, पूर आला की महसूल खात्याच्या होतात, निवडणूक लागली की शिक्षकांच्याही होतात. तिथे निकड बाहेरून येते आणि टाळता येत नाही. दरवर्षी ठरलेल्या दिवशी येणाऱ्या कामाला निकड म्हणायचं, तर मधल्या काळात काहीतरी नवीन घडलेलं असायला हवं. ते घडलं असेलही. कदाचित विभागातलं कुणी अचानक नोकरी सोडून गेलं, कदाचित लेखापरीक्षकांनी जुन्या वर्षाच्या नोंदी पुन्हा मागितल्या. म्हणूनच रागाने विचारू नका, पण विचारा.

आणि तोच प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःलाही विचारा. त्या आठ दिवसांत असं कुठलं काम आहे जे फक्त तुम्हालाच येतं? बँकेचा ताळमेळ दुसरं कुणी करू शकतं. टीडीएसच्या नोंदी २६एएसशी जुळवून बघणं तुम्ही निघायच्या आत संपवू शकता. पण बिल्ट्या आणि बिलं यांच्यातले फरक कुठल्या पार्टीचे आणि का राहिले, हे नऊ वर्षांमुळे तुमच्याच डोक्यात असेल, तर ऑडिटरसमोर तुमच्या नसण्याची अडचण कंपनीला खरोखर होणार आहे. ते कागदावर उतरवा. पार्टीचं नाव, रक्कम, फरकाचं कारण, कागद कुठल्या फाइलमध्ये आहे, एवढे चार रकाने. हा कागद तुमच्या अर्जापेक्षा जास्त बोलेल.

मग त्याच दिवशी ईमेल करा. साहेबांना, वित्तप्रमुखांना आणि एचआरला, तिघांनाही एकाच वेळी. ग्रुपवर वाद घालू नका. मी असा मसुदा लिहिला असता:

“महोदय, माझी दि. … ते दि. … ही आठ दिवसांची भरपगारी रजा दि. … रोजी पोर्टलवर मंजूर झाली आहे. त्या मंजुरीवर विसंबून मी चार जणांच्या प्रवासाचं आरक्षण केलं आहे व घरच्या धार्मिक कार्याची जबाबदारी स्वीकारली आहे. रजा रद्द असल्याचा निरोप मला ग्रुपवर मिळाला. माझी रजा रद्द करण्याचा निर्णय झाला असल्यास तो कोणी व कोणत्या कारणाने घेतला, हे कृपया लेखी कळवावं. ऑडिटचं काम अडू नये म्हणून माझ्याकडील कामाची सद्यस्थिती व हस्तांतराचा तक्ता सोबत जोडत आहे. दि. … पर्यंत मी … ही कामं पूर्ण करून देईन. पूर्ण रजा शक्य नसल्यास पहिले पाच दिवस रजा द्यावी, सहाव्या दिवशी मी हजर होईन. रजा पूर्ण रद्दच करायची असल्यास पर्यायी तारखा आणि आरक्षण रद्द करण्याचा खर्च कंपनी देईल का, हे दि. … पर्यंत कळवावं. तोवर मी तिकिटं रद्द करत नाही.”

यातल्या पाच दिवसांच्या पर्यायाबद्दल थोडं सांगतो. तुम्ही कदाचित म्हणाल, मंजूर आठ आहेत तर पाच का मागायचे? कारण पाळी म्हणजे मूर्ती आणणं, प्रतिष्ठापना, पहिल्या दिवसांचा पाहुण्यांचा राबता, गौरी. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की मागचं आवरायला घरात दुसरी माणसं असतात. तुमच्या घरी वेगळं असेल तर आकडा बदला. मुद्दा हा की मधला मार्ग तुम्ही लेखी पुढे ठेवलात आणि कंपनीने त्यालाही कारण न देता नाही म्हटलं, तर पुढे कुठेही आदेशाचा वाजवीपणा तपासला गेला की ती ईमेल तुमच्या बाजूने उभी राहते. आणि माझा अनुभव असा की अशा पत्रावर बहुतेक ठिकाणी पाच-सहा दिवस मिळून जातात, कारण वित्तप्रमुखांनाही आपला शब्द पूर्ण मागे न घेता वाट काढायची असते.

खर्चाचं मात्र आधीच विचारून ठेवा. खाजगी नोकरीत रजा रद्द झाली म्हणून तिकिटांचे पैसे द्यावेत, असं कलम मला तरी या कायद्यात दाखवता येणार नाही. मिळतात ते धोरणामुळे किंवा मागितल्यामुळे, आणि तिकीट रद्द करण्याआधी मागितले तर जास्त शक्यता असते. आधी मुकाट्याने तिकिटं रद्द केलीत आणि दिवाळीत बिल पुढे केलंत, तर ‘तुम्ही तेव्हा का नाही बोललात’ एवढंच ऐकू येईल.

आता तुमचा अवघड प्रश्न. लेखी, कारणासह, योग्य माणसाकडून ‘रजा रद्द, हजर राहा’ असं आलं आणि तरीही तुम्ही गेलात तर? तो काळ विनापरवानगी गैरहजेरी धरला जाऊ शकतो. पगार कापतील, पण गैरहजर दिवसांचाच, त्या प्रमाणात. आठ दिवसांच्या गैरहजेरीसाठी पंधरा दिवसांचा पगार कापणं वेतनाच्या कायद्यात बसत नाही. कारणे दाखवा नोटीस येऊ शकते आणि चौकशीही होऊ शकते. नोकरी एका फटक्यात जात नाही, आणि नऊ वर्षांच्या स्वच्छ सेवेनंतर एका प्रसंगासाठी कामावरून काढणं कुठल्याही न्यायाधिकाऱ्याला पटवून देणं कंपनीला जड जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं होतं की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येत नाही. पण त्या निकालावर फार टेकू नका. आजारपण, अपघात अशा अपरिहार्य कारणांनी माणूस येऊ शकला नाही, तर तो तुम्हाला उपयोगी पडतो. गणपतीला जाणं हे कितीही मोठं असलं तरी ‘मला येणं शक्यच नव्हतं’ असं तुम्ही म्हणू शकणार नाही. म्हणून लेखी नकार आल्यावरही जायचं ठरवलंत, तर पगारकपात आणि एक ताकीदपत्र अंगावर घ्यायची तयारी ठेवून जा, आणि निघताना ‘मी अमुक तारखेला हजर होत आहे’ एवढं कळवून जा. न सांगता निघून जाणं आणि सांगून, हजर व्हायची तारीख देऊन जाणं, यांत चौकशीच्या टेबलावर मोठा फरक पडतो.

सर्टिफिकेटचा सल्ला कृपा करून ऐकू नका. आज तुमचं भांडण रजेचं आहे आणि त्यात तुमची बाजू बऱ्यापैकी खरी आहे. खोटं सर्टिफिकेट दिलंत की तेच भांडण अप्रामाणिकपणाचं होतं. कुडाळच्या अंगणातला आरतीचा फोटो कुणीतरी स्टेटसला टाकतंच. तो ऑफिसात पोचला की नऊ वर्षांची सेवा, मंजूर रजा, व्हॉट्सॲपवरचा आदेश, यातलं काहीच कुणी बघणार नाही. मी अशा दोन चौकशांत बसलो आहे. दोन्ही वेळा मूळ रजेबाबत कर्मचाऱ्याचीच बाजू खरी होती, आणि दोन्ही वेळा नोकरी गेली ती सर्टिफिकेटमुळे.

रजेवर असताना परत बोलावण्याचं उत्तर वेगळं आहे, कारण तुम्ही तेव्हा रजेवर आहात आणि कुडाळहून पुण्याला यायला एक दिवस जातो. ‘उद्या सकाळी हजर राहा’ हा फोन वाजवी आदेशात बसायला फार मोठं कारण लागेल. असा फोन आला तर फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. ‘मला मेसेज करा, मी तासाभरात उत्तर देते’ असं सांगा. मग तीन गोष्टी लेखी विचारा: काम नेमकं काय आहे, ते इथूनच करता येईल का, आणि यावंच लागलं तर प्रवासाचा खर्च आणि उरलेली रजा यांचं काय. सरकारी नोकराला परतीच्या प्रवासापासून कामावर धरतात, ही पद्धत तुम्ही नमुना म्हणून पुढे ठेवू शकता. आणि तिथे बसून लॅपटॉपवर ऑडिटरच्या शंका सोडवल्यात, तर तो दिवस कामाचा झाला. संध्याकाळी एका ओळीची ईमेल टाका: ‘आज दुपारी दोन ते सहा अमुक काम केलं, कृपया हा दिवस (किंवा अर्धा दिवस) माझ्या रजेतून वगळावा.’ बहुतेक जण ही ओळ टाकत नाहीत, आणि रजेचे दिवस असेच रोज दोन-दोन तास काम करण्यात निघून जातात.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पैशाचं खरं नुकसान तिथे लपलेलं आहे. रद्द झालेली रजा तुमच्या खात्यात परत जमा होते, म्हणून नुकसान नाही, असं कंपनी सांगते. ते तुमच्या शिल्लक रजेवर अवलंबून आहे. समजा आज तुमच्या खात्यात ३८ दिवस आहेत आणि या वर्षी तुमचे कामाचे २८० दिवस भरतात, म्हणजे जानेवारीत १४ दिवस जमा होतील. आठ दिवस रजा घेतलीत तर ३८ चे ३० उरतील, त्यात १४ मिळून ४४. मर्यादा ४५ ची, सगळं सुरक्षित. आता रजा रद्द झाली आणि वर्षअखेरपर्यंत तुम्हाला पुन्हा घेता आली नाही, तर ३८ आणि १४ मिळून ५२ होतात. वरचे सात दिवस मर्यादेबाहेर जातात.

याच जागेसाठी २०१७ च्या कायद्यात एक तरतूद आहे. किमान पंधरा दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. तुमचा अर्ज जूनचा आहे, म्हणजे ती अट कधीच पूर्ण झाली. मंजूर करून नंतर रद्द करणं म्हणजे नाकारणंच, असं माझं वाचन आहे. पण हे सांगायला कागद हवा. पोर्टलवर ‘कर्मचाऱ्याने रजा मागे घेतली’ अशी नोंद झाली, तर हा हक्क गेला. म्हणून ‘तुम्हीच पोर्टलवरून कॅन्सल करा’ असं एचआरने सांगितलं तर ते बटण तुम्ही दाबू नका. ज्याला रद्द करायची आहे त्याने दाबावं.

तुमच्या पदनामात ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘असिस्टंट मॅनेजर’ असेल आणि म्हणून हा कायदा तुम्हाला लागत नाही असं कुणी म्हणेल. गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय काम करणाऱ्यांना हा अधिनियम वगळतो, हे खरं. पण त्यांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर, आणि संकेतस्थळ नसेल तर दर्शनी जागी लावलेली असावी लागते. तुमचं नाव तिथे आहे का, एवढं विचारा. हाताखाली कुणी नसताना, नोंदी आणि ताळमेळ करणाऱ्या माणसाला निव्वळ पदनामामुळे व्यवस्थापक मानता येत नाही.

असंच काही वाट्याला आलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. ज्या भगिनी प्रसूती रजेवर आहेत त्यांना वरचं काहीच लागू नाही. ती रजा कामाच्या गरजेसाठी रद्द होऊ शकत नाही. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तर बाईला कामावर ठेवणंच कायद्याने मना आहे, मग ती स्वतः तयार असली तरी. आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी भांडायचं ते हक्काच्या शब्दावर नाही, तर पुढच्या अटींवर: निकड कुठली ते विचारा, सही सक्षम अधिकाऱ्याची आहे का बघा, आणि परत बोलावलं असेल तर तसा लेखी आदेश घेतल्याशिवाय निघू नका, कारण प्रवासभत्त्याचं बिल त्या कागदावरच निघतं.

ताई, तुमच्या ईमेलला चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच ईमेलखाली एक ओळ लिहा: ‘वरील पत्राला उत्तर न मिळाल्याने माझी मंजूर रजा कायम आहे असं समजून मी दि. … पासून रजेवर जात आहे.’ मग ती प्रत आणि पोर्टलचा स्क्रीनशॉट स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठवून ठेवा, ऑफिसच्या खात्यात नको. रजा रद्दच झाली आणि जानेवारीत ते जादा दिवस पैशाविना गायब झाले, तर तुमच्या भागाच्या दुकाने निरीक्षकाकडे किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. निरीक्षकाचं कायद्यातलं नाव आता बदललं आहे, पण लोक अजून तेच म्हणतात. जाताना तीन कागद न्या: जूनचा अर्ज, मंजुरी आणि रद्द केल्याचं पत्र. डिसेंबरच्या पगारपत्रकावर शिल्लक रजा छापली जात असेल तर तेही न्या, आणि जात नसेल तर ३१ डिसेंबरच्या आत एचआरकडून शिल्लक लेखी मागून घ्या.